एसओपीचा पहिला परिच्छेद: चाळीतल्या कांद्यापासून अर्जापर्यंत

पत्र

नमस्कार मॅडम, मी नाशिकला इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव निफाडजवळ. परदेशात शेतमाल साठवणुकीच्या इंजिनिअरिंगमध्ये एमएस करायचंय, डिसेंबरमध्ये अर्ज जातील. मला सगळं मराठीतच सुचतं. एसओपीची, म्हणजे अर्जासोबतच्या स्टेटमेंट ऑफ पर्पजची, सुरुवात आधी मराठीत लिहिली, मग इंग्रजी केली, तर ती दहावीच्या निबंधासारखी झाली. मराठीतली अशी आहे:

"लहानपणापासून मी शेतकऱ्यांच्या अडचणी जवळून पाहिल्या आहेत. नाशिक जिल्हा कांद्यासाठी प्रसिद्ध आहे. आमच्याकडेही कांदाचाळ असून दरवर्षी पावसाळ्यात बराच कांदा सडतो. ते पाहून मन हेलावून जायचं. पुढे इंजिनिअरिंगला असताना प्रोजेक्टच्या निमित्ताने या विषयावर काम करण्याची संधी मिळाली. त्यात सेन्सर बसवून अभ्यास करण्यात आला आणि चाळीत हवा खेळती राहिली पाहिजे हे सिद्ध झालं. म्हणून या क्षेत्रात उच्च शिक्षण घेऊन शेतकऱ्यांसाठी काहीतरी करावं असं वाटतं."

प्रोजेक्ट चौघांचा होता. 2025 च्या जून ते सप्टेंबर आमच्याच चाळीत पाच सेन्सर ढिगात आणि एक बाहेर ठेवला, दर अर्ध्या तासाला नोंद. पाऊस थांबल्यावर बाहेरची आर्द्रता दुपारपर्यंत 80 टक्क्यांखाली यायची, पण ढिगाच्या मधे ती आणखी दोन दिवस वर राहायची. सेन्सरच्या जागा आणि कोडिंग माझं होतं. सडलेला कांदा कुठून किती निघाला ते मात्र मोजलं नाही. मी आधी इंग्रजी सुधारू की अजून काही?

उत्तर

इंग्रजीला सध्या हात लावू नकोस. तुझ्या पत्रात दोन मजकूर आहेत. अवतरणचिन्हांतला परिच्छेद महाराष्ट्रातला शेतकऱ्याच्या घरचा कोणताही विद्यार्थी लिहील. त्याच्याखाली घाईघाईत लिहिलेली माहिती फक्त तूच लिहू शकतेस. एसओपीची सुरुवात त्या खालच्या मजकुरात आहे. वरचा परिच्छेद कितीही चांगल्या इंग्रजीत नेलास तरी तो निबंधच राहणार, कारण तो मराठीतही निबंधच आहे.

हे असं का होतं ते आधी बघ. "परिच्छेद लिहायचा" म्हटलं की आपण शाळेतल्या मराठीत शिरतो. आधी पार्श्वभूमी, मग विषयाची थोरवी, मग भावना, शेवटी संकल्प. बोलताना आपण असं करत नाही. मावसभावाने "काय गं, त्या चाळीत तुम्ही नेमकं काय केलं?" असं विचारलं, तर तू "लहानपणापासून" असं सुरू करणार नाहीस. "अरे, बाहेर ऊन पडलं तरी ढीग आतून दोन दिवस ओलाच राहतो" असं सांगशील. म्हणून विचार मराठीत कर, पण बोलायच्या मराठीत. ज्याला सेन्सरमधलं काही कळत नाही अशा कुणाला तरी प्रोजेक्ट सांग आणि फोनवर रेकॉर्ड कर. दहा मिनिटं पुरतात. मग ऐकताना जिथे समोरच्याने "म्हणजे?" किंवा "मग?" विचारलं, त्या जागा लिहून काढ. एसओपी वाचणारे प्राध्यापकही नेमके तिथेच अडतात.

त्या रेकॉर्डिंगमधून फक्त तीन गोष्टी उचलायच्या: तुला काय दिसलं, ते बघायला तू स्वतः काय केलंस, आणि त्यातून कोणता प्रश्न उरला. पहिल्या परिच्छेदाला याहून जास्त काही लागत नाही. बाकीच्या गोष्टी, म्हणजे आवडलेले विषय, मार्क, इंटर्नशिप, त्या विद्यापीठाची निवड, खालच्या परिच्छेदांत जातील.

आता तुझा परिच्छेद या तीन गोष्टींसाठी चाळून बघू.

"लहानपणापासून" आणि "नाशिक जिल्हा प्रसिद्ध आहे" ही दोन्ही वाक्यं काढ. वाचणारा प्राध्यापक अमेरिकेत किंवा नेदरलँड्समध्ये बसलाय. जिल्ह्याची ख्याती त्याला उपयोगाची नाही, आणि लासलगावच्या बाजाराचं मोठेपण सांगण्यात एक अख्खं वाक्य जातं. ठिकाण सांगायचं तर वाक्याच्या पोटात चार-पाच शब्दांत सांग: पश्चिम भारतातल्या नाशिकजवळ, आमच्या शेतात. एवढं बास.

"मन हेलावून जायचं" हेही काढ. भावना खोटी आहे असं मुळीच नाही. पण सडलेला कांदा बघून वाईट वाटणं आणि त्यावर संशोधन करता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एसओपी दुसरीची विचारणा करतं. घरची परिस्थिती, तू इथवर कशी आलीस, हे सांगायला काही विद्यापीठं वेगळा लेख मागतात. बर्कलेसारख्या ठिकाणी स्टेटमेंट ऑफ पर्पज आणि पर्सनल हिस्टरी स्टेटमेंट असे दोन स्वतंत्र लेख द्यावे लागतात. तिथे चाळीच्या आठवणी दुसऱ्यात घाल. जिथे एकच लेख आहे तिथे "आमच्या शेतात" या दोन शब्दांतून वाचणाऱ्याला हवं तेवढं कळतं.

खरी अडचण "अभ्यास करण्यात आला" इथे आहे. कुणी केला? मराठीत हे खटकत नाही. सरकारी पत्रकांपासून कॉलेजच्या रिपोर्टपर्यंत सगळीकडे गोष्टी "करण्यात येतात", "लक्षात येतात", "दिसून येतात", आणि करणारा कुठेच नसतो. त्यात आपल्याला "मी केलं" म्हणायचा संकोच. हाच संकोच इंग्रजीत गेला की निवड समितीला कळत नाही, चौघांतलं तुझं काय आणि बाकीच्यांचं काय. मग ते सगळ्यात वाईट शक्यता धरतात, की हिने रिपोर्ट टाइप केला असेल. म्हणून इंग्रजीत जायच्या आधीच मराठी मसुद्यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली पेन्सिलने कर्ता लिही: मी, आम्ही चौघं, गाईड सर, चाळ, पाऊस. ज्याच्याखाली कुणाचंच नाव लिहिता येत नाही ते वाक्य मोडून परत लिही. तुझ्या बाबतीत उत्तर सरळ आहे. जागा मी ठरवल्या, प्रोग्रॅम मी लिहिला, सेन्सर आम्ही बसवले. "मी" आणि "आम्ही" अशी वाटणी केलीस की बढाईही होत नाही आणि तुझं काम झाकलंही जात नाही. "संधी मिळाली" हेही याच जातीचं. संधी मिळाली हे गृहीतच आहे, तिचं काय केलंस ते लिही.

त्याहून मोठी चूक "सिद्ध झालं" ही आहे, आणि ती भाषेची नाही. एक चाळ, एक पावसाळा, सहा सेन्सर. यातून काहीही सिद्ध होत नाही. शिवाय तुझ्याच नोंदी "हवा खेळती राहिली पाहिजे" या निष्कर्षाच्या आड येतात. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच दमट असते. चालू पावसात ती ढिगातून खेळवलीस तर ढीग सुकणार कसा? साठवलेल्या कांद्याला साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते, आणि पावसाच्या दिवसांत बाहेर तेवढी कोरडी हवा बहुतेक वेळ नसतेच. कांदा जिवंत असतो, श्वसन करतो, त्यातून उष्णता आणि ओल बाहेर पडते. ढिगाच्या कडेची ओल वाऱ्याबरोबर निघून जाते, मधली अडकून राहते. तू मोजलेला दोन दिवसांचा उशीर बहुधा इथून येतो. "बहुधा" म्हणते, कारण ढिगाच्या पोटात हवा किती शिरते ते तुम्ही मोजलेलं नाही.

म्हणजे हवा हवी की नको असा प्रश्नच नाही. ती कोणत्या तासांना आत घ्यायची, हा प्रश्न आहे. पाऊस थांबल्यावर दुपारी बाहेरची हवा त्यातल्या त्यात सुकी असते, तेव्हा ढिगात घुसवली तर तो उशीर कमी होईल का? रात्री पंखा बंद ठेवला तर? या प्रश्नाला शेतमाल साठवणुकीचा कोणताही प्राध्यापक वाचता वाचता थांबेल, आणि तो तुझ्याच नोंदींतून निघालाय. तुझ्या परिच्छेदात तो कुठेच नव्हता, कारण "सिद्ध झालं" म्हटल्यावर विचारायला काही उरलंच नाही. पुढे शिकायला निघालेल्या माणसाच्या पहिल्या परिच्छेदात एक उघडा प्रश्न असलाच पाहिजे. सगळं सुटलं असेल तर एमएस कशाला?

सडलेला कांदा जागेनुसार तोलला नाही, याची लाज बाळगू नकोस आणि ते लपवूही नकोस. तोलला नसल्यामुळे "ओल राहिल्याने कांदा सडला" असं तुला लिहिता येत नाही. ओल राहिली, एवढंच लिहिता येतं. ही मर्यादा अर्ध्या वाक्यात सांगितलीस, तर आपल्या नोंदींतून काय निघतं आणि काय निघत नाही याची हिला जाण आहे, असं वाचणाऱ्याला दिसतं. मात्र अर्धंच वाक्य. पूर्ण परिच्छेदभर माफी मागत बसू नकोस.

हे सगळं धरून मराठीतच नवा मसुदा करायचा. वाक्यं लहान, प्रत्येकात एक कर्ता, एक क्रिया. तो साधारण असा होईल:

> जुलै 2025 मध्ये नाशिकजवळच्या आमच्या चाळीत पाऊस थांबला, की बाहेरची आर्द्रता दुपारपर्यंत 80 टक्क्यांखाली उतरली. कांद्याच्या ढिगाच्या मध्यभागी ती आणखी दोन दिवस 80 च्या वर राहिली. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेल्या, फटी ठेवलेल्या तळाची शेड. तिच्यात कांदा फक्त वाऱ्यावर टिकवतात. चार जणांच्या प्रोजेक्टमध्ये सेन्सरच्या जागा मी ठरवल्या आणि नोंदींचा प्रोग्रॅम मी लिहिला: पाच सेन्सर ढिगात, एक बाहेर, दर अर्ध्या तासाला, जून ते सप्टेंबर. या उशिरामुळे कांदा किती सडतो ते आम्ही मोजलं नाही. पण एक प्रश्न उरला: पंखा कोणत्या तासांना चालवावा, म्हणजे दमट हवा आत न घेता ढीग सुकेल? त्यासाठी ढिगातून हवा कशी वाहते याचं गणित मांडता यायला हवं. ते शिकायला मी अर्ज करत आहे.

हा मसुदा मराठीत शंभर शब्दांच्या आसपास आहे. इंग्रजीत तो दीडशेच्या जवळ जाईल, कारण मराठीत "ढिगातून", "चाळीत" असे एका शब्दात बसणारे अर्थ इंग्रजीत दोन-तीन शब्द घेतात. हजार शब्दांच्या एसओपीत दीडशे चालतात. मर्यादा पाचशेची असेल तर शंभराच्या वर जाऊ नकोस. तेव्हा सेन्सरचा तपशील खालच्या परिच्छेदात ढकल. पहिली दोन वाक्यं, चाळीची ओळख, तुझं काम आणि प्रश्न एवढं ठेव. काही विद्यापीठं मोकळा लेख न मागता नेमके प्रश्न विचारतात. तिथे पहिलं वाक्य त्या प्रश्नाचं उत्तर असलं पाहिजे. हा परिच्छेद जसाच्या तसा तिथे चिकटवू नकोस.

आता इंग्रजी. वाक्यावरून वाक्य उतरवू नकोस. मसुदा दोनदा वाच, कागद उलटा ठेव, आणि आठवेल तसं सरळ इंग्रजीत लिही. मग मराठीशी ताडून बघ, काय सुटलं. समोर ठेवून उतरवलंस तर मराठीचा क्रम मागे मागे येतो. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे "असून, असताना, बसवून, म्हणून" अशी साखळी लावत मुख्य गोष्ट वाक्याच्या टोकाला नेणं सहज जमतं. तीच साखळी इंग्रजीत "व्हाइल", "हॅव्हिंग", "बाय" अशी जोडत गेली की वाचणाऱ्याला चाळिसाव्या शब्दापर्यंत कळत नाही की कुणी काय केलं. साधी खूण सांगते. इंग्रजी वाक्यात कर्ता आणि क्रियापद पहिल्या सहा-सात शब्दांत सापडलं नाही तर वाक्य मोड. तुझं पाचवं वाक्य "आय चोज द सेन्सर पोझिशन्स अँड रोट द लॉगिंग कोड" असं सुरू झालं पाहिजे. त्याच्या आधी फार तर "इन अ टीम ऑफ फोर" चालेल.

काळाकडेही बघ. "राहायची", "यायची" या आपल्या सवयीच्या रूपांचं इंग्रजीत "यूज्ड टू" नाही तर "वॉज स्टेइंग" होतं, आणि मोजमापाच्या वाक्यात दोन्ही विचित्र दिसतात. म्हणून वरच्या मसुद्यात "उतरली" आणि "राहिली" अशी रूपं ठेवली आहेत. मोजलेल्या गोष्टीला साधा भूतकाळ पुरतो: "ड्रॉप्ड", "स्टेड". क्रियापदाचं वजनही सांभाळ. "प्रूव्ह्ड" तर नकोच, "शोड"ही जपून वापर. "मेजर्ड" आणि "रेकॉर्डेड" ही तुझी क्रियापदं, कारण तू खरोखर तेवढंच केलंस.

"चाळ" हा शब्द इंग्रजीत तसाच ठेव, एकदाच तिरप्या अक्षरात, आणि लगेच आठ-दहा शब्दांत समजावून दे. नुसतं "स्टोअर" किंवा "वेअरहाउस" लिहिलंस तर बंद, कदाचित थंड गोदाम डोळ्यांसमोर येईल आणि तुझा सगळा प्रश्नच नाहीसा होईल, कारण तो वाऱ्यावर चालणाऱ्या शेडचा आहे. पुढे कुठे क्विंटल आले तर टनात लिही, दहा क्विंटलचा एक टन. गुंठे आले तर हेक्टरमध्ये, फुटात मोजलेली ढिगाची उंची मीटरमध्ये. चार फुटांचा ढीग असेल तर "सुमारे 1.2 मीटर". हे आकडे पहिल्या परिच्छेदात आणूच नकोस, तिथे आहेत तेवढे भरपूर झाले.

सुरुवातीला सुविचार, संतवचन किंवा "कांद्याने डोळ्यांत पाणी आणलं" असली कोटी घालायचा मोह होईल. आपल्याकडे भाषणाची सुरुवात तशी छान होते. इथे त्यात पहिली दोन वाक्यं खर्च होतात आणि तुझी दुपारची कोरडी हवा चौथ्या ओळीवर जाते. "शेतकऱ्यांसाठी काहीतरी करावं" हे शेवटच्या परिच्छेदासाठी राखून ठेव, आणि तिथेही "काहीतरी" काढून नेमकं लिही. पंखा कधी लावायचा ते सांगणारं, छोट्या चाळीला परवडणारं यंत्र, असं काही.

इंग्रजी मसुदा झाला की एकच चाचणी कर. शेतीशी आणि तुझ्या प्रोजेक्टशी संबंध नसलेल्या, पण इंग्रजी नीट येणाऱ्या मैत्रिणीला तो एकदा वाचायला दे, कागद काढून घे आणि तिला मराठीत सांगायला लाव. "पाऊस थांबला तरी ढीग आतून ओला राहतो, हिने ते मोजलं, आता पंखा कधी लावायचा ते शोधायचंय" असं ती म्हणाली तर परिच्छेद झाला. "हिला कांद्यावर काम करायचंय" एवढंच म्हणाली, तर पहिली दोन वाक्यं अजून धूसर आहेत, ती परत लिही. "हिने कांदा सडण्यावर उपाय शोधला" असं म्हणाली, तर कुठेतरी जास्तीचा दावा घुसलाय. बहुतेक वेळा तो क्रियापदात सापडतो. तिने सांगितलेलं लिहून घे. चुकीचं शब्दन् शब्द समोर असलं की दुरुस्तीची जागा लगेच कळते.

आणखी एक काम नोव्हेंबरातच उरक. शिफारसपत्र देणाऱ्या गाईडना हा परिच्छेद पाठव. त्यांच्या पत्रात "आठ सेन्सर" आणि तुझ्या एसओपीत सहा, किंवा त्यांच्याकडे "ग्रुपने कोडिंग केलं" आणि तुझ्याकडे "मी केलं", असं निघालं तर समिती दोन्हींवर शंका घेते. कोडिंग तू एकटीने केलंस हे त्यांना आठवत नसेल, तर नोंदींच्या फाइल्स आणि प्रोग्रॅमच्या तारखा घेऊन त्यांना भेट. पत्र एकदा अपलोड झालं की सहसा बदलता येत नाही.